सायलोचा स्टिफनर दरवर्षी त्याच जागी वाकतोय? धान्याचा दाब, उपसा आणि पाया तपासायचा क्रम

सायलो, म्हणजे धान्य साठवायच्या उंच गोल कोठ्या. त्यातले नालीदार पत्र्याचे, सपाट तळाचे सायलो मी बरीच वर्षं दुरुस्त करतोय. यात एक बिघाड पुन्हा पुन्हा समोर येतो. सायलोच्या एका बाजूला, साधारण मधल्या उंचीवर, पत्रा आत दबतो आणि तिथला स्टिफनर, म्हणजे पत्र्याला बोल्टने जोडलेला उभा पोलादी आधार, वाकतो. मालक वाकलेला तुकडा बदलतो, बोल्ट नवे घालतो, हंगाम पार पडतो. पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच, फार तर हातभर वर किंवा खाली, तोच पोचा दिसतो. मग कोणी म्हणतं माल हलका लागला, कोणी म्हणतं वाऱ्याने झालं. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं.

खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून महागड्या तपासणीपर्यंत जातो. तो उलटा करू नका. मी स्वतः एकदा केला होता. थेट पायाची तपासणी लावली आणि तीन आठवडे घालवले. कारण निघालं ते गेट उघडण्याच्या क्रमात.

आधी लक्षणं

बाहेरून पाहिलं तर एका बाजूला दोन-अडीच मीटर रुंदीचा पट्टा सपाट झालेला किंवा आत दबलेला दिसतो. सकाळी ऊन तिरपं असताना सायलोच्या कडेने नजर लावा, म्हणजे तो चटकन कळतो. त्या पट्ट्यातला एखादा स्टिफनर दोन बोल्टांच्या मधे कोपरासारखा मुडपलेला असतो. पत्र्यावरची बोल्टची भोकं खालच्या दिशेने लांबट होतात, तिथून धुळीचे ओघळ येतात, कधी दाणेही गळतात. माणूस आत जायचं दार त्याच बाजूला असेल तर ते अडकायला लागतं. माल काढताना ‘ठाक’ असा एकेक आवाज येतो, तो बहुधा बोल्ट सरकल्याचा असतो.

वरच्या झाकणातून डोकावलं तर सर्वांत महत्त्वाचं लक्षण दिसतं. माल निघत असताना पृष्ठभागावर पडणारा खळगा मधोमध आहे की भिंतीला चिकटून? भिंतीला चिकटून असेल तर निम्मं निदान तिथेच झालं.

पोचा कुठे आहे हेही बोलकं असतं. अगदी तळाशी, चहूबाजूंनी स्टिफनर दबलेले असतील तर एकूण उभा भार जास्त झालाय किंवा बुडाची बैठक बिघडलीय. वरच्या भागात, सायलो रिकामा असताना पत्रा आत गेला असेल तर वाऱ्यावर संशय घ्या. मधल्या उंचीवर, एकाच बाजूला, आणि तेही बाजूच्या गेटच्या वर असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

दोन मिनिटं दाबाची गोष्ट, नाहीतर तपासण्या कळणार नाहीत

पाण्याच्या टाकीत खोली वाढेल तसा दाब सरळ वाढत जातो. धान्याचं तसं नसतं. दाणे भिंतीला घासून तिच्यावर लटकतात आणि आपलं बरंचसं वजन भिंतीला देतात. म्हणून भिंतीवरचा आडवा दाब काही खोलीनंतर जवळजवळ स्थिरावतो. जर्मन अभियंता यान्सन याने 1895 साली याचं सूत्र मांडलं आणि आजही हिशेब तिथूनच सुरू होतो:

```
R   = D/4
z0  = R/(K·μ)
p_h = (γ·R/μ)·(1 − e^(−z/z0))
p_v = p_h/K
N_w = γ·R·(z − z0·(1 − e^(−z/z0)))
```

इथे `D` व्यास, `z` धान्याच्या माथ्यापासूनची खोली, `γ` धान्याचं घनवजन, `μ` भिंतीचं घर्षण आणि `K` म्हणजे उभ्या दाबाचा किती हिस्सा आडवा होतो ते प्रमाण. `p_h` आडवा दाब, `p_v` उभा दाब आणि `N_w` म्हणजे घर्षणामुळे भिंतीच्या घेराच्या प्रत्येक मीटरवर साठत जाणारा उभा भार.

आता ज्या सायलोवर मी हे सगळं शिकलो त्याचेच आकडे घेऊ. व्यास 8 मीटर, धान्याची उंची 18 मीटर, माल गहू. घनवजन 9 किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलं. गहू प्रत्यक्षात साडेसात ते आठच्या आसपास भरतो, पण भाराच्या हिशेबाला वरची किंमत घ्यायची असते. `K` 0.54 आणि `μ` 0.5 धरलं.

तळाशी आडवा दाब येतो सुमारे 33 किलोपास्कल. घर्षण नसतं तर तळाशी 162 किलोपास्कलचा दाब भरला असता. गंमत म्हणजे निम्म्या खोलीवर, 9 मीटरवर, हाच आडवा दाब 25 असतो, म्हणजे तळाच्या तीन चतुर्थांश दाब तिथेच झालेला असतो. भिंतीवरचा उभा भार मात्र उलटा वागतो. निम्म्या खोलीपर्यंत मीटरला 68 किलोन्यूटन आणि तळाशी 202. धान्याच्या एकूण सुमारे 8,140 किलोन्यूटन वजनापैकी तळाच्या फरशीवर फक्त 3,060 जातात. उरलेलं, म्हणजे जवळजवळ 62 टक्के वजन भिंत उचलते.

बहुतेकांच्या मनात सायलो फुगून फाटेल अशी भीती असते. पण आडव्या दाबाने पत्र्यात येणारा ताण बघा. प्रतिकूल किमती घेऊन, उपशाचा वाढावा, म्हणजे माल काढताना होणारी वाढ, धरूनही दाब सुमारे 43 किलोपास्कल होतो. त्याला त्रिज्येने, म्हणजे 4 मीटरने गुणलं की मीटरला 174 किलोन्यूटनची ओढ येते. दीड मिलिमीटरच्या पत्र्यात हा ताण 116 मेगापास्कल होतो. चांगल्या पोलादाला हे सहज पेलतं. खरी अडचण उभ्या भाराची आहे. आडव्या नाल्यांचा पत्रा उभा दाबला तर हार्मोनियमच्या भात्यासारखा मिटतो, तो उभा भार घेऊच शकत नाही. तो सगळा बोल्टमधून स्टिफनरकडे जातो. वाकतो तो स्टिफनर, आणि पत्रा त्याच्यामागोमाग जातो.

तपासणी पहिली: गेटचा क्रम (खर्च शून्य)

माल काढणाऱ्या माणसाला विचारा, ‘आधी कोणतं गेट उघडता?’ कार्यालयातल्या कोणाला विचारू नका, त्याला पुस्तकातलं उत्तर पाठ असतं. खाली बोगद्यात जाऊन गेटच्या दांड्या बघा. जी रोज वापरात आहे ती चकचकीत असते, जी वापरात नाही तिच्यावर धूळ आणि गंज असतो. मी आधी दांड्या बघतो, मग विचारतो.

सपाट तळाच्या सायलोत नियम एकच आहे. मधलं गेट आधी, आणि मधल्या गेटमधून आपोआप पडायचं थांबेपर्यंत दुसरं गेट उघडायचं नाही. त्यानंतर मध्य आणि भिंत यांच्या मधली गेटं, आणि शेवटी तळ झाडणारा ऑगर.

हे इतकं महत्त्वाचं का? गेट उघडलं की सगळं धान्य एकदम खाली येत नाही. गेटच्या वर एक उभी नळी तयार होते, तिच्यातलं धान्य वाहतं आणि आजूबाजूचं जागच्या जागी उभं राहतं. नळी मधोमध असेल तर भिंतीला तिचा फारसा पत्ता लागत नाही. पण बाजूचं गेट आधी उघडलं तर ती नळी भिंतीला चिकटून वर चढते. वाहत्या अरुंद नळीतला दाब उभ्या राशीपेक्षा कितीतरी कमी असतो. आपल्या सायलोत ही नळी 3.1 मीटर रुंदीची धरली आणि तोच यान्सनचा हिशेब लावला तर तिच्यातला आडवा दाब 14 किलोपास्कलच्या वर जातच नाही. बाकीच्या भिंतीवर तो 33 आहे. आणि नळीच्या दोन्ही कडांना, जिथे उभी रास वाहत्या धान्याला टेकते, तिथे तो उलट वाढतो. युरोपीय मानक ईएन 1991-4 कडांवरचा हा वाढीव दाब ज्या रीतीने धरतं, त्याने इथे तो सुमारे 52 येतो.

एकाच उंचीवर, दोन-चार मीटरच्या अंतरात 52, 14, 52 आणि मग सगळीकडे 33. गोल भिंत गोल राहते ती दाब सगळीकडे सारखा असतो म्हणून. तो असा वेडावाकडा झाला की भिंत गोलाई सोडते, आणि भिंतीतला उभा भारही एका जागी गोळा होतो. वर दुसरा घाव असा की, नेहमी आतलं धान्य भिंतीला पाठीमागून आधार देत असतं, स्टिफनर आत वाकायला निघाला तर धान्य त्याला रोखतं. नळीसमोर हा आधार जवळजवळ निघून गेलेला असतो. जिथे भार वाढला, नेमका तिथेच आधार गेला. म्हणूनच स्टिफनर तळाशी न वाकता मधल्या उंचीवर वाकतो, जिथे कारखानदाराने नेहमीच्या हिशेबाने तो पातळ केलेला असतो.

आमच्या प्रकरणात पोचा तळापासून 6 मीटरवर, बाजूच्या गेटच्या बरोबर वर होता. नेहमीच्या हिशेबाने तिथला भार मीटरला 109 किलोन्यूटन, तळाच्या जेमतेम निम्मा. नुसत्या उभ्या भाराने तिथे काही होण्याचं कारण नव्हतं. तीन वर्षं तिथलाच तुकडा बदलला जात होता, आणि तिसऱ्यांदा तर जाड तुकडा घातला होता. जाड तुकड्याने एवढंच झालं की शेजारचा वाकला.

तपासणी दुसरी: मधलं गेट का उघडत नाहीत? (खर्च थोडा)

चालकाला दोष देऊन मोकळं होऊ नका. तो बाजूचं गेट उघडतो त्याला काहीतरी कारण असतं. आमच्याकडे मधल्या गेटवर ओलसर मालाचं ढेकूळ बसत होतं, ट्रक रांगेत उभे असायचे आणि बाजूचं गेट उघडलं की माल धडाधड यायचा. तीन वर्षांच्या पोच्यांचं मूळ हे ढेकूळ होतं.

भरताना धान्याची धार मधोमध पडते का, ते वरून बघा. धारेखाली चुरा, कोंडा आणि माती मधेच साठते, दाणे मात्र घरंगळून कडेला जातात. हा मधला भाग दाट होतो, हवा त्यातून नीट जात नाही, तिथेच ओल धरते आणि तिथेच ढेकूळ बनतं. उपाय सोपा आहे. भरून झाल्या झाल्या मधल्या गेटमधून थोडा माल काढून घ्यायचा, इतका की माथ्यावरचा उंचवटा जाऊन मधे उथळ खळगा दिसेल. चुरा निघतो, आणि मधलं गेट चालतंय हे सायलो भरल्या दिवशीच कळतं, सहा महिन्यांनी ट्रक दारात असताना नाही.

धार मधोमध पडत नसेल तर स्प्रेडर किंवा नळीचं तोंड सरळ करा. एका बाजूला रास उंच म्हणजे त्या बाजूच्या भिंतीवर भार जास्त, हे कायमचं दुखणं होऊन बसतं. ओल्या मालाचा आणखी एक धोका आहे. दाणे पाणी पिऊन फुगले तर भिंतीवरचा दाब कोणत्याही सूत्रात न बसेल इतका वाढतो. छतातून किंवा बोल्टच्या भोकांतून पाणी आत जात असेल तर ते आधी बंद करा.

बाजूच्या गेटला साखळी आणि कुलूप लावलं, किल्ली पाळीप्रमुखाकडे ठेवली. विजेवर चालणारी गेटं असतील तर मधलं गेट उघडं असल्याशिवाय आणि माथ्यावरची पातळी ठराविक उंचीच्या खाली गेल्याशिवाय बाजूचं उघडणार नाही अशी जोडणी करून घ्या.

मधलं गेट पूर्ण अडलं असेल आणि सायलो भरलेला असेल तर बाजूचं गेट हा पर्याय नाही. आत उतरून ढेकूळ फोडणं तर मुळीच नाही. वाहत्या धान्यात माणूस काही सेकंदांत गुडघ्यापर्यंत आणि पाहता पाहता छातीपर्यंत जातो, मग चार जणांनी दोर ओढूनही तो निघत नाही. वरून, मधोमध सक्शन लावून माल काढणारी मंडळी असतात, त्यांना बोलवा.

तपासणी तिसरी: बोल्ट, सांधे आणि स्टिफनरचं बूड (खर्च एका दिवसाची मजुरी)

हे सायलो रिकामा असताना करायचं. ओळंबा सोडून प्रत्येक स्टिफनर मोजा: तळाशी, मधे आणि वर, दोरीपासून किती मिलिमीटर. स्टिफनरवर रंगाने क्रमांक घाला आणि वहीत लिहा. पुढे सायलो भरल्यावर हीच मोजणी पुन्हा करायची आहे. एका वेळच्या मोजणीचा काही उपयोग नाही, कारण उभारणीतलाच वाकडेपणा आणि नव्याने आलेला वाकडेपणा यातला फरक तिच्यावरून कळत नाही.

मग सांधे. वरच्या आणि खालच्या स्टिफनरची टोकं एकमेकांवर नीट टेकलेली आहेत का? मधे फट असेल तर सगळा भार सांध्याच्या बोल्टवर येतो आणि तिथली भोकं लांबट होतात. लांबट भोकात तसाच मोठा बोल्ट घालून भागवू नका. भोक लांबट झालं म्हणजे स्टिफनर आधीच खाली सरकलेला आहे.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे स्टिफनरचं बूड. त्याची पाटी काँक्रीटवर पूर्ण टेकलेली हवी, खाली घट्ट ग्राऊट, म्हणजे सिमेंटचा भराव, हवं. पातळ पट्टी पाटीखाली सरकवून बघा, हातोडीने वाजवून बघा. पोकळ आवाज येतो तिथे ग्राऊट गेलेलं असतं. आपल्या सायलोला 20 स्टिफनर आहेत, अंतर सव्वा मीटर. प्रतिकूल घर्षण आणि उपशाचा वाढावा धरून तळाशी मीटरला 248 किलोन्यूटन येतात, म्हणजे एका स्टिफनरवर 311, सोप्या भाषेत जवळजवळ 32 टन. एका बुडाखालचं ग्राऊट गेलं आणि ते लटकत राहिलं तर त्याचा भार दोन शेजाऱ्यांत वाटला जातो. प्रत्येकावर 311 अधिक 156, म्हणजे सुमारे 467. संरचनेत धरलेली दीडपट सुरक्षितता तिथेच संपली, आणि वरून सायलो मात्र अगदी ठणठणीत दिसतोय.

आमच्याकडे पोच्याच्या बाजूची तीन बुडं नुसत्या पोलादी पट्ट्यांवर उभी होती, ग्राऊटचा भुगा झाला होता. ते मूळ कारण नव्हतं. पण त्याने काम सोपं केलं होतं.

तपासणी चौथी: पाया (खर्च सर्व्हेवाल्याचा)

भिंतीखालच्या गोल काँक्रीटच्या कड्यावर समान अंतरावर आठ खुणा पक्क्या करा आणि लेव्हलने उंची घ्या. सायलो रिकामा, निम्मा आणि भरलेला, अशा तीन वेळा. संदर्भाची खूण सायलोपासून लांब हवी, नाहीतर तीही त्याच्याबरोबर खचते.

आकडे वाचायची रीत अशी. सगळ्या खुणा सारख्या खाली गेल्या तर सायलोला त्रास नाही, नळ्या आणि कन्व्हेअरच्या जोडण्यांना होईल. एका बाजूने सरळ रेषेत खाली गेल्या तर सायलो कलला आहे. अशा वेळी कल वाढतोय की थांबलाय हे बघायचं. आठपैकी दोनच शेजारच्या खुणा बाकीच्यांच्या पातळीतून सुटून खाली गेल्या असतील तर ते भिंतीच्या दृष्टीने सर्वांत वाईट, कारण तिथे वर सांगितलेला लटकत्या बुडाचा प्रकार दोन-तीन स्टिफनरना एकदम होतो. दुसऱ्या एका सायलोत मला असं आढळलं होतं, तेव्हा छताच्या पन्हळीचा पाइप नेमका त्या दोन खुणांजवळ जमिनीत पाणी सोडत होता.

पायाच्या हिशेबात एक गफलत नेहमी होते. भिंतीखाली मीटरला किती आणि फरशीवर किती, हे दोन्ही एकाच हिशेबातून घेतात. घर्षण जास्त धरलं तर भिंतीवर जास्त येतं आणि फरशीवर कमी. घर्षण कमी धरलं तर उलट. आपल्या सायलोत भिंतीखालची कमाल 248 किलोन्यूटन प्रति मीटर, आणि फरशीवरची कमाल 73 किलोपास्कल. दोन्ही एकदम येणार नाहीत, पण कडं आणि फरशी आपापल्या वाईट परिस्थितीत टिकायला हवीत. अख्ख्या पायाखालच्या मातीला मात्र एकूण वजनच कळतं. 10 मीटर व्यासाची, 80 सेंटिमीटर जाड गोल रॅफ्ट, म्हणजे पायाची अखंड काँक्रीटची लादी, धरली तर तिच्या वजनासकट सरासरी 124 किलोपास्कल. त्यावर वाऱ्याचा कल आणि शेजारच्या भरलेल्या सायलोचा परिणाम वेगळा.

मातीला भराभर भरणं आवडत नाही, विशेषतः चिकणमातीला. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे 1913 च्या ऑक्टोबरमध्ये 65 कोठ्यांचं नवं धान्यकोठार पहिल्या भरण्यातच खचून सुमारे 27 अंश कललं होतं. खालची चिकणमाती दाबाने बाजूला सरकली होती. कोठ्या मात्र जवळजवळ शाबूत राहिल्या, आणि पुढे ते कोठार सरळ करून पुन्हा वापरात आणलं. नवा पाया असेल तर पहिला भरणा टप्प्याटप्प्याने करा आणि प्रत्येक टप्प्याला लेव्हल घ्या.

तपासणी पाचवी: मूळ हिशेबाची फाइल

इथपर्यंत आलात तर संरचनेचा कागद मागवा. तुम्हाला गणित तपासायचं नाहीये, तीन गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली, घर्षण कोणतं धरलं? गुळगुळीत पत्र्यावर गहू घसरतो तेव्हाचं 0.38 धरलं असेल तर ते नालीदार भिंतीला लागू नाही. नाल्यांत दाणे अडकून बसतात आणि धान्य धान्यावरच घासतं, म्हणून घर्षण 0.5 च्या वर सहज जातं. कमी घर्षण धरलं म्हणजे स्टिफनरवरचा भार कमी दिसतो.

दुसरी, `K` आणि `μ` च्या एकाच जोडीवर सगळा हिशेब उरकला आहे का? आडव्या दाबासाठी घर्षण कमी आणि `K` जास्त घ्यायचं. भिंतीच्या उभ्या भारासाठी दोन्ही जास्त. फरशीसाठी दोन्ही कमी. सरासरी किमतींनी भिंतीचा भार 202 आला होता, प्रतिकूल किमतींनी तोच 225 होतो, आणि उपशाचा वाढावा धरला की 248.

हा वाढावा ईएन 1991-4 उंच सायलोला, म्हणजे उंची व्यासाच्या दुपटीहून जास्त असेल तर, आडव्या दाबासाठी 1.15 आणि भिंतीच्या घर्षणासाठी 1.10 घ्यायला सांगतं. पण तो मधोमध उपसा धरूनच आहे. म्हणून तिसरी गोष्ट, बाजूच्या उपशाचा वेगळा हिशेब फाइलमध्ये आहे का? त्याच मानकात गेट मध्यापासून व्यासाच्या चतुर्थांशापेक्षा लांब असेल तर भिंतीला चिकटलेल्या नळीचा स्वतंत्र हिशेब करायला लावतात. आमच्या फाइलमध्ये तो नव्हता. म्हणजे ते बाजूचं गेट फक्त शेवटचा माल काढायला ठेवलेलं होतं, आणि हे चालकाला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

भरलेल्या सायलोवर नवा पोचा दिसला किंवा स्टिफनर मुडपलेला दिसला की माल काढणं आणि भरणं दोन्ही बंद. ‘लवकर रिकामा करून टाकू’ हा मोह मोठा असतो, पण ज्या उपशाने पोचा पडला त्याच उपशाने सायलो पडू शकतो. सायलोच्या उंचीएवढं अंतर चहूबाजूंनी मोकळं करा, ट्रक आणि माणसं बाहेर. वाकलेला स्टिफनर भरलेल्या सायलोवर सरळ करायला जाऊ नका, त्यावर वेल्डिंग किंवा गॅस कटिंग तर नाहीच. बोल्ट सैल केला तरी भार शेजाऱ्यावर उडी मारतो, आणि धान्याच्या धुळीला ठिणगी पुरते.

बुडाची पाटी अधांतरी असेल, दोन लागोपाठच्या मोजण्यांत कल वाढत असेल, काँक्रीटच्या कड्याला उभी चीर गेली असेल, किंवा ‘ठाक’चे आवाज माल न काढताही येत असतील, तर हे तुमच्या-माझ्या हातचं राहिलेलं नाही. सायलोचं काम केलेला संरचना अभियंता बोलवा, आणि खचण्याचा प्रश्न असेल तर माती तपासणारा वेगळा. साध्या शेडचे हिशेब करणारा चांगला अभियंताही इथे चुकतो, कारण शेडला आतून भार येत नाही. त्याला पहिला प्रश्न विचारा, बाजूच्या उपशाचा हिशेब तुम्ही कसा धरता. उत्तरात नळीचा आणि तिच्या कडांवरच्या दाबाचा उल्लेख आला नाही तर दुसरा शोधा.

तो येण्याआधी हे तयार ठेवा: पोच्याची तळापासूनची उंची आणि जवळच्या गेटपासूनचं अंतर, स्टिफनर क्रमांकांसह ओळंब्याची वही, तीन वेळच्या लेव्हल, गेल्या दोन हंगामांत कोणतं गेट कधी उघडलं याची नोंद, मालाची ओल आणि मूळ फाइल. आमच्या सायलोला रिकामं केल्यावर चार स्टिफनर बदलले, सगळ्या बुडांखाली नवं ग्राऊट भरलं आणि बाजूच्या गेटला कुलूप घातलं. नंतरच्या हंगामात सायलो भरलेला असताना त्या बाजूचा ओळंबा रिकाम्या वेळेपेक्षा 3 मिलिमीटरने वेगळा आला, समोरच्या बाजूलाही 3 च. पुढची मोजणी मधल्या गेटमधून निम्मा माल काढल्यावर घ्यायची आहे.